आईच्या नावातले बाबा

आईचे पाय सुजले, तेव्हा कर्तव्यदक्ष मुलाने जे करायला हवं ते मी ताबडतोब केलं. फोन हातात घेतला.

आईवडील वटारला राहतात, वाडीतल्या घरात. केळी, थोडी पानवेल, थोडी फुलं, आणि त्या सगळ्यांवर ओरडायला बाबा. मी विरारला फ्लॅटमध्ये राहतो. दोन्हींमधलं अंतर एवढं आहे की स्कूटर काढली तर चहा गार व्हायच्या आत पोहोचावं. हे अंतर मी वर्षानुवर्षं जपून वापरत आलो आहे. कोणी विचारलं की म्हणतो, "जवळच आहेत, कधीही जाता येतं." कधीही जाता येतं म्हणून आज गेलं नाही तरी चालतं, हा त्याचा पुढचा भाग मी मनातल्या मनात म्हणतो.

त्यामुळे आईने फोनवर सहज सांगितलं, "पायाला जरा सूज येते हल्ली, संध्याकाळी चपलेचा पट्टा रुततो," तेव्हा मी म्हणालो, "फोटो पाठव." बाबांनी फोटो काढला. त्यात ओटीची फरशी, कोंबडीचं अर्धं शेपूट आणि बाबांचा अंगठा एवढं स्पष्ट दिसत होतं. पाय होते, पण अंगठ्यामागे.

"जाऊन बघून या ना," बायको म्हणाली.

"फोटो आलाय."

"मला त्यात बाबाच दिसतायत."

हे वाक्य पुढे किती खरं ठरणार आहे, हे तिलाही तेव्हा माहीत नव्हतं.

सूज म्हटल्यावर आमच्या घरात एकच शब्द मनात येतो, आणि तो कोणी उच्चारत नाही. बाबांची किडनी काही वर्षांपासून अशक्त आहे. डायलिसिसपर्यंत गोष्ट गेलेली नाही, आणि ती गेलेली नाही याचं सगळं श्रेय आईच्या स्वयंपाकाला आहे. ती रोज दोन भांडी चढवते. एक बाबांचं, मीठ बेताचं, डाळ बेताची, बटाटा उकडून पाणी फेकलेलं. दुसरं उरलेल्या जगाचं. बाबा रोज पहिल्या भांड्याला नावं ठेवतात आणि दुसऱ्यात बोट बुडवतात. आईची किडनी गेली तर हा कारखाना बंद. तिला स्वतःच्या पायांची तेवढी भीती नव्हती. "दोघंही आजारी पडलो तर ह्यांचं कोण बघणार?" हे ती म्हणाली आणि वर म्हणाली, "तुला काही म्हणत नाही हां मी." म्हणजे मलाच म्हणत होती.

गावातल्या डॉक्टरांनी पाय पाहिले होते. तीनेक महिन्यांपूर्वी त्यांनीच आईची प्रेशरची गोळी पाचची दहा केली होती. आता त्यांनी सांगितलं, पूर्वी ज्या डॉक्टरीणबाईंना दाखवत होता त्यांना एकदा विचारा, जुने रिपोर्ट दाखवा. त्या बाई आधी वसईत बसायच्या. आईचा त्यांच्यावर फार विश्वास, कारण त्या तपासताना घड्याळ बघत नाहीत. आता त्या मुंबईच्या एका मोठ्या हॉस्पिटलात असतात. आईला घेऊन तिथे जायचं म्हणजे माझी एक पूर्ण रजा. पण हॉस्पिटलचं अ‍ॅप होतं, आणि अ‍ॅपमध्ये व्हिडिओवरून भेट मिळत होती. आईचे हाल वाचतील, असं मी सगळ्यांना सांगितलं. रजा वाचेल हे सांगितलं नाही.

अपॉइंटमेंट घेणं हे काम मी ऑफिसात केलं, एका मीटिंगमध्ये, मान डोलावत. मोबाइल नंबर, ओटीपी, मग अ‍ॅपने विचारलं, पेशंट कोण? वर आपोआप 'स्वतः' असं आलं होतं. माझ्या एका सहकाऱ्याने इथेच घाई केली होती आणि त्याच्या सासूबाईंच्या गुडघ्याचं प्रिस्क्रिप्शन त्याच्या नावावर निघालं होतं. आम्ही त्याला वर्षभर हसलो. मी तसला माणूस नव्हे. मी 'कुटुंबातील सदस्य जोडा' दाबलं, नातं 'आई' निवडलं, तिचं पूर्ण नाव आधारकार्डावर आहे तसं लिहिलं, जन्मतारीख एक जून टाकली. ती तारीख शाळेच्या हेडमास्तरांनी दिली होती. त्या काळातली अर्धी वसई एक जूनलाच जन्मली आहे. शनिवारी सकाळची वेळ मिळाली. डॉक्टरांसाठी रकान्यात लिहायचं होतं: तक्रार काय, कधीपासून, कोणत्या गोळ्या चालू. मी लिहिलं, 'पायाला सूज, ब्लड प्रेशर, कृपया पाहावे.' गोळ्यांची नावं मला माहीत नव्हती. पांढरी छोटी एवढं माहीत होतं. ते लिहायला लाज वाटली म्हणून रकाना तसाच सोडला.

मग आलं ते पान: 'जुने रिपोर्ट अपलोड करा.'

इथे मला माझ्या हुशारीचा परिचय द्यावा लागेल. आईबाबांचे रिपोर्ट लॅबवाले माझ्या नंबरावर पाठवतात, कारण बाबांच्या फोनची जागा सकाळच्या शुभेच्छांनी भरलेली असते. माझ्या फोनमध्ये ते वर्षानुवर्षं साठलेले होते. मी ते कधी उघडून पाहिले नव्हते असं नाही. खालची ओळ पाहायचो. ठळक अक्षरात काही नसलं की अंगठा पाठवायचो. आता ते शोधायचे कसे? आईच्या नावाचं इंग्रजी स्पेलिंग प्रत्येक लॅबवाला आपल्या मनाने करतो. कोणी एक ई घालतो, कोणी दोन आय, एकाने तर व्हीच्या जागी बी घालून तिला बंगाली केलं होतं. तिच्या नावाने शोधलं की दोनच रिपोर्ट यायचे.

तेव्हा मला सुचलं. आईच्या नावाच्या मध्यभागी बाबांचं नाव आहे. लग्न झाल्यापासून ते तिथे बसून आहे. आणि बाबांच्या नावाचं स्पेलिंग चुकवणं कोणालाही शक्य नाही, इतकं ते सोपं. मी फोनमध्ये बाबांचं नाव टाकलं आणि धडाधड सगळे रिपोर्ट आले. मीटिंग चालूच होती. कोणीतरी आमच्या विभागाच्या अचूकतेबद्दल बोलत होतं. मी मान डोलावली आणि सगळ्या फाइली निवडल्या.

काही फाइलींना पासवर्ड होता. नावाची पहिली चार अक्षरं आणि जन्मसाल, असं लॅबच्या मेसेजमध्ये लिहिलेलं असतं. कुलूप लावलेली फाइल चढवली तर डॉक्टरांना ती उघडणार नाही, हे मला ठाऊक होतं. मी एवढा अडाणी नाही. मी बसून त्या उघडल्या, कुलूप नसलेल्या प्रती केल्या. एक-दोन वेळा आईचा पासवर्ड चालला नाही म्हणून बाबांचा टाकून पाहिला, तर चालला. ज्याच्या पासवर्डाने कुलूप उघडतं घर त्याचं असतं, हा विचार इथे कोणाच्याही मनात आला असता. माझ्या मनात आला तो असा: लॅबवाले फार गोंधळ घालतात.

मग सगळ्या जोडून एक फाइल केली. तारखेप्रमाणे लावली. तिला नाव दिलं, 'आईचे सर्व रिपोर्ट', आणि चढवली. हिरवी बरोबरची खूण आली. एवढं समाधान मला मुलगी दहावी झाली तेव्हाही वाटलं नव्हतं. घरी येऊन बायकोला म्हणालो, "सगळं अपलोड केलं. एका जागी. तारीखवार."

"एकदा नजर घातलीत ना?"

"डॉक्टर घालणार आहेत ना."

शनिवारी मी वटारला गेलो. ओटीवर नेटवर्क येत नाही, माजघरात येतं पण तिथे अंधार. उजेड आणि नेटवर्क दोन्ही एकत्र फक्त मागच्या पडवीत मिळतात, धुण्याच्या दगडाजवळ. तिथे खुर्ची टाकली. आईने ठेवणीतलं पातळ नेसलं होतं आणि केसांत अबोली माळली होती.

"डॉक्टर पाय बघणार आहेत," मी म्हणालो.

"तोंड झाकून बघणार आहेत का?"

बाबांनी आंघोळ करून पांढरा सदरा घातला होता. त्यांना बोलावलेलं नव्हतं. ते दाराच्या आत, कॅमेऱ्यात येणार नाहीत अशा बेताने उभे राहिले, आणि तिथून अधूनमधून डोकं बाहेर काढत राहिले.

वेळेच्या थोडं आधी लिंक उघडली. कॅमेऱ्याला परवानगी दिली, माइकला दिली. 'डॉक्टर लवकरच येतील' असं आलं. आम्ही तिघं त्या अक्षरांकडे बघत बसलो. दवाखान्यात बाकावर बसल्यासारखंच होतं, फक्त शेजारी खोकणारं कोणी नव्हतं. तेवढ्यात आई खोकली.

बाई पडद्यावर आल्या. त्यांनी आईला नाव विचारलं, वय विचारलं, ओळखलं आणि हसल्या. "काय म्हणतेय वाडी?"

"केळी बरी आहेत. मी सुजलेय."

त्यांनी चालू गोळ्या दाखवायला सांगितल्या. आईने बटव्यातून पट्ट्या काढून एकेक कॅमेऱ्यासमोर धरली. मी फॉर्ममध्ये रिकामा सोडलेला रकाना तिने असा भरला. प्रेशर घरच्या मशीनवर मोजलेलं होतं, तिने आकडे तोंडपाठ सांगितले. रात्री आडवं झाल्यावर दम लागतो का? नाही. छातीत दुखतं? नाही. लघवी कमी होते? नाही. सूज दोन्ही पायांना सारखी? सारखी. सकाळी कमी असते? असते.

"मीठ?"

"मीठ आम्ही खातच नाही," आई म्हणाली.

दारातून डोकं बाहेर आलं. "पाचूबंदरहून परवा सुका बोंबील आणलाय, तो काय साखरेत वाळवतात?"

"अहो, तुम्ही आत जा."

"खरं ते सांगतोय. तिच्यासाठीच आणलाय. मला कोण देतंय?"

बाईंनी हसू दाबलं. मग मला म्हणाल्या, फोन पायाजवळ न्या. आईला नडगीच्या पुढच्या हाडावर अंगठा दाबून धरायला सांगितलं, मग सोडायला. तिथे खळगा राहिला. फोन हातात धरून मी तो खळगा हळूहळू भरताना पाहिला. या पायांकडे मी किती वर्षांत इतक्या जवळून बघितलं नव्हतं, याचा हिशेब मी करणार नाही. पडवीत, धुण्याच्या दगडाजवळ, हॉस्पिटलच्या अ‍ॅपने मला आईच्या पाया पडायला लावलं होतं, एवढंच म्हणतो.

"ठीक आहे," बाई म्हणाल्या. "आता रिपोर्ट बघू. मुलाने सगळे व्यवस्थित पाठवलेत."

माझी छाती फुगली.

त्या बघत राहिल्या. पडद्यावर त्यांचे डोळे डावीकडून उजवीकडे जात होते. "हा मागच्या वर्षीचा, क्रिएटिनिन पॉइंट नऊ. छान." मग त्या थांबल्या. चेहऱ्यावरचं वाडीबिडीचं हसू गेलं. "त्यानंतरचा... आठ महिन्यांपूर्वीचा... दोन पॉइंट चार?"

मी ऐकलं. क्रिएटिनिन हा शब्द आमच्या घरात मीठ-मिरचीसारखा वापरतात. किडनीचं काम मोजणारा तो आकडा. वाढला की काम बिघडलं. पॉइंट नऊवरून दोन पॉइंट चार म्हणजे काय, हे आईला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

"हे कोणी पाहिलं नाही?" बाईंनी विचारलं. आवाज शांत होता, म्हणून जास्त लागला. "आठ महिने झाले. असा आकडा असेल तर व्हिडिओवर भागणार नाही. पायाची सूज, आणि हे. तुम्हाला सोमवारी आणावं लागेल, किडनीच्या डॉक्टरांना दाखवावं लागेल, कदाचित दाखल करून तपासण्या कराव्या लागतील. तुम्ही मुलगा ना? रिपोर्ट तुमच्याकडेच येतात?"

"हो," मी म्हणालो.

माझ्याकडेच येतात. खालची ओळ पाहतो. अंगठा पाठवतो. हे मी मोठ्याने म्हणालो नाही, पण त्या क्षणी मला पक्की खात्री होती की मी आईला आठ महिने अंगठा दाखवत आलो आहे. एरवीही मला अपराधी वाटायला फार कारण लागत नाही. शेजाऱ्यांच्या पाण्याची टाकी वाहिली तरी मी खाली जाऊन आमचा नळ बघून येतो. आता तर कारण समोर होतं, तारखेसकट.

आईने पातळ घोट्यांपर्यंत खाली ओढलं. मग एकदम व्यवहाराचं विचारल्यासारखं म्हणाली, "डायलिसिस लागलं तर आठवड्यातून किती वेळा जावं लागतं? ह्यांचं जेवण सकाळीच करून गेले तर चालेल ना?"

"एवढं पुढे जाऊ नका," बाई म्हणाल्या.

"किती म्हणालात?" दारातून आवाज आला.

"अहो, आत जा म्हटलं ना."

"किती म्हणाल्या त्या? दोन पॉइंट चार?" बाबा आता पूर्ण बाहेर आले होते. सदऱ्याच्या बाह्या सरसावलेल्या. "दोन पॉइंट चार माझा आहे."

"काय?"

"माझा आकडा आहे तो! गेल्या दिवाळीच्या आधीचा. त्याआधी दोन पॉइंट दोन, त्याआधी दोन पॉइंट एक. विचारा कुठलाही." फांदी कुंपणापलीकडे गेलेल्या आंब्यावर हक्क सांगावा, तसे ते बोलत होते. "हिचा कसा होईल? हिला काय झालंय?"

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, मग पुन्हा रिपोर्टकडे. आकडा मोठा करून पाहताना पानाचा वरचा भाग त्यांच्या पडद्याबाहेर गेला होता. त्यांनी तो खाली ओढला.

"वय अठ्ठ्याहत्तर," त्यांनी वाचलं. "पुरुष."

बाबांनी मान डोलावली.

"आणि ही चूक माझीही आहे," त्या म्हणाल्या. "वरचं नाव आधी वाचायला हवं होतं मी. एका फाइलीत, तारखेने लावलेले, वर 'आईचे सर्व रिपोर्ट' लिहिलेलं. मी धरून चालले." मग माझ्याकडे. "यातले आणखी किती पुरुष आहेत?"

आम्ही एकत्र मोजले. चार आईचे निघाले, तीन बाबांचे. आईचे चारही चांगले होते. शेवटचा मात्र मागच्या वर्षीचा, म्हणजे त्यानंतरचं काहीच आमच्या हातात नव्हतं.

मी झालं कसं ते सांगायचा प्रयत्न केला. स्पेलिंग, मधलं नाव, शोधण्याची युक्ती. बोलता बोलता मला कळत होतं की युक्ती जितकी नीट समजावून सांगतोय तितका मी मूर्ख ठरतोय. शेवटी आईनेच सोडवलं.

"लग्नात ह्यांचं नाव दिलं मला," ती बाईंना म्हणाली. "पन्नास वर्षांनी पोराने किडनीपण दिली."

बाई मोकळेपणी हसल्या. बाबाही हसले. ते खरंतर जरा खट्टू झाले होते. त्यांचा आकडा बघायला इतके लोक जमले आणि शेवटी तो विषयच नव्हता.

मग खरं काम झालं. बाई म्हणाल्या, प्रेशरची ती पांढरी गोळी, अ‍ॅमलोडिपिन, दहाची झाल्यावर काही जणांच्या घोट्यांना अशी सूज येते. तुमची सूज त्यानंतरच सुरू झालेली दिसते. तेच कारण असावं. पण असावं म्हणजे आहे असं नाही. गोळी पुन्हा पाचची करू. रक्त आणि लघवीची तपासणी ताजी करून घ्यायची, रोज प्रेशर मोजून लिहायचं, आणि रिपोर्ट आले की पुन्हा व्हिडिओवर भेटायचं. मधल्या काळात दम लागला, छातीत दुखलं, लघवी कमी झाली, तर अ‍ॅप उघडत बसू नका, सरळ हॉस्पिटलात या. गावातल्या डॉक्टरांनाही बदल सांगा. आणि तो बोंबील.

"टाकून देऊ?" आईने विचारलं.

"टाकायचा कशाला," बाबा म्हणाले.

"तुमच्यासाठी नाही," बाई आणि आई एकदम म्हणाल्या.

जाताना त्या मला म्हणाल्या, "वडिलांचे तीन रिपोर्ट आईच्या खात्यातून काढून टाका. मी माझ्या नोंदीत लिहितेय की ते यांचे नाहीत. वडिलांचं वेगळं खातं करा. पुढच्या वेळी एकेक रिपोर्ट वेगळा चढवा. जोडू नका."

जोडू नका. मी आयुष्यात पहिल्यांदाच आईबाबांसाठी एवढं काहीतरी जोडलं होतं.

थोड्या वेळाने प्रिस्क्रिप्शन अ‍ॅपमध्ये आलं. आता तरी मी शहाणा झालो असेन असं वाचणाऱ्याला वाटेल. मला पण वाटलं होतं. मी पडद्याचा फोटो काढला आणि घरच्या ग्रुपवर टाकला: 'आईचं प्रिस्क्रिप्शन, सगळ्यांनी जपून ठेवा.' सगळ्यांनी अंगठे पाठवले. घराण्याचं वळण आहे ते. बाबा तो फोटो घेऊन नाक्यावरच्या मेडिकलमध्ये गेले आणि तिथून त्यांचा फोन आला.

"तो देत नाही म्हणतो."

"का?"

"तुझ्या फोटोत गोळी आहे, पण डॉक्टर नाही. वर हॉस्पिटल कापलंय, खाली सही कापलीय. नंबर कुठाय विचारतो."

"कसला नंबर?"

"डॉक्टरचा नोंदणी नंबर. तो खालीच असतो म्हणे, सहीजवळ. तू खालचं कधी बघतोस की नाही?"

खालची ओळ तेवढी मी बघतो, असं सांगणार होतो. नाही सांगितलं. अ‍ॅपमधून पूर्ण पान डाउनलोड केलं. पाहिलं: आईचं नाव, वय, तारीख, गोळी, मात्रा, सल्ला, बाईंचं नाव, नोंदणी नंबर, सही. ते बाबांना पाठवलं आणि पट्टी मिळाली. दहाची उरलेली पट्टी वाया जाऊ नये म्हणून बाबांनी गोळ्या अडकित्त्याने अर्ध्या करायची तयारी दाखवली होती. आईने अडकित्ता लपवला आणि ती पट्टी माझ्या खिशात घातली. "घेऊन जा. इथे राहिली तर हे सुपारी करतील."

संध्याकाळी बायकोने आणखी एक शोध लावला. घरच्या ग्रुपवर आठवड्याने मेसेज आपोआप पुसले जातील असं तिनेच कधीतरी करून ठेवलं होतं, बाबांच्या शुभेच्छांना कंटाळून. "तुम्ही सगळ्यांना जपून ठेवायला सांगितलंत," ती म्हणाली, "ते पुढच्या शनिवारपर्यंत जपलं गेलं असतं."

त्या रविवारी मी पुन्हा वटारला गेलो. आपण होऊन गेलो, हे लिहिताना बरं वाटतंय, म्हणून लिहितो. पडवीत बसून आईच्या समोर फोनमध्ये दोन फोल्डर केले. एकात बाबांचे तीन रिपोर्ट टाकले, अ‍ॅपमधल्या तिच्या खात्यातून ते काढले. दुसऱ्यात तिचे चार आणि नवं प्रिस्क्रिप्शन. प्रिस्क्रिप्शनच्या फाइलीचं नाव एक लांबलचक आकडा होता. तो पुसून तारीख आणि 'प्रेशरची गोळी पाचची' असं लिहिलं. एक प्रत माझ्या ड्राइव्हवर ठेवली, कुलपात. एक छापून आणली होती, ती आईने प्लास्टिकच्या पिशवीत घालून गोळ्यांच्या डब्यात उभी ठेवली.

"फोल्डरला नाव काय दिलंस?" तिने विचारलं.

"आई."

"आणि ह्यांच्या?"

"बाबा."

"मधे कोणी नाही ना?"

"नाही."

"मग ठीक."

लॅबचा मुलगा घरी येऊन रक्त घेऊन गेला. सूज तोवर थोडी उतरली होती, पण आई पायांकडे बघायची ती चोरून, आपल्याला कोणी बघत नाही ना हे पाहून. रात्रीची दोन भांडी ती आता जास्तच लक्ष देऊन करते आहे, असं बाबांनी मला फोनवर कुजबुजत सांगितलं. आणि बाबांच्या भांड्यातली चव सुधारली आहे, हेही सांगितलं. त्यांच्या तोंडून हे वाक्य मी कधी ऐकलं नव्हतं. तिला मात्र ते त्यांनी सांगितलं नसणार.

रिपोर्ट माझ्या फोनवर आला तेव्हा मी ऑफिसात होतो. मीटिंग होती. मी अंगठा पाठवला नाही, चढवलाही नाही. निघालो, वटारला गेलो. आई पडवीत फुलांचे गजरे ओवत होती, बाबा दारात. मी पासवर्ड टाकला. आईचा. फाइल उघडली.

"आला का?" ती म्हणाली. हातातली सुई थांबली.

"आला. क्रिएटिनिन..."

"थांब. आधी वरचं वाच. बाई का बुवा?"

मी वरचं वाचलं. तिचं नाव, एका ईने. मधे बाबा. वय. लिंग.

"बाई."

"नक्की?"

"नक्की."

तिने दोरा दाताने तोडला. "मग सांग आता आकडा."

"पॉइंट नऊ."

तिने पाय पुढे पसरले आणि पहिल्यांदाच कोणाच्याही देखत घोटे उघडे टाकून बसली. दारातून बाबा म्हणाले, "तो माझा नाही."

"माहितीय," आई म्हणाली. "माझाच आहे."